ड्राफ्ट परत पाठवा, हप्ता अडवू नका

वाचकाचं पत्र

आमची छोटी कंपनी पाणी शुद्ध करणारी यंत्रं बनवते. यंत्रासोबत द्यायच्या २४ पानी वापर-पुस्तिकेचं काम एका फ्रीलान्स डिझायनरला दिलंय. करार साधा आहे: ३० टक्के आगाऊ, ४० टक्के पहिला ड्राफ्ट दिल्यापासून ७ दिवसांत, ३० टक्के छपाईच्या अंतिम फाइली दिल्यावर, आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. ड्राफ्ट ३ तारखेला आला. वाईट नाही, पण मनासारखाही नाही. आम्ही चौघांनी मिळून १७ शेरे काढलेत. भागीदार म्हणतो, "सगळं नीट करून देईपर्यंत ४० टक्के सोडू नकोस, पैसे गेले की काम लटकतं." पुस्तिका २६ तारखेला छपाईला जायला हवी. मला संबंध बिघडवायचे नाहीत आणि चुकांसकट कामही स्वीकारायचं नाही. ड्राफ्ट परत कसा पाठवू? करार, ब्रीफ आणि शेरे सोबत जोडलेत.

एक उद्योजिका

उत्तर

तारीख जवळ होती म्हणून तुम्हाला दोन ओळींत आधीच कळवलं होतं: हप्ता १० तारखेला द्या, शेरे ८ तारखेच्या आत एकदाच पाठवा. त्यामागचं कारण आणि कृती इथे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या भागीदारांसारखा विचार करणारे बरेच जण आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही.

आधी करारातलं ते वाक्य बघू. "पहिला ड्राफ्ट दिल्यापासून ७ दिवसांत" असं त्यात लिहिलंय. "मंजूर झाल्यापासून" असं लिहिलेलं नाही. या एका शब्दाने तुमचा अर्धा प्रश्न सुटतो. हप्त्यापुरतं तुम्हाला एवढंच तपासायचं आहे की ठरलेली वस्तू आली का. ती आवडली का, हे हप्त्याच्या हिशेबात येत नाही. तुम्ही पाठवलेला ड्राफ्ट मी ब्रीफशी ताडून पाहिला. पानं २४ आहेत, ठरलेल्या १४ आकृत्या जागच्या जागी आहेत, एकही रिकामी चौकट नाही, मजकूर शेवटपर्यंत बसवलाय, फाइल नीट उघडते. म्हणजे पहिला ड्राफ्ट आला. त्यात चुका आहेत, हे खरंच; पण ड्राफ्टमध्ये चुका निघणार हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलं होतं, म्हणून तर दुरुस्तीच्या दोन फेऱ्या करारात आहेत.

१४ पैकी ८ आकृत्यांच्या जागी नुसत्या करड्या चौकटी असत्या, तर मी उलट सांगितलं असतं: टप्पाच पूर्ण झालेला नाही, हप्ता लागू होत नाही. मात्र हे ड्राफ्ट आल्यावर एक-दोन दिवसांत, लेखी आणि कुठल्या आकृत्या नाहीत ते मोजून सांगावं लागतं. १० तारखेला पैसे मागितल्यावर "अहो, पण काम अपुरं आहे" म्हणणं ही सबब वाटते, आणि बहुतेक वेळा ती सबबच असते.

आता भागीदारांची भीती. पैसे दिले की समोरचा माणूस ढिला पडतो, हा अनुभव लोकांना येतो. पण तो बहुधा तिथे येतो जिथे सगळे किंवा जवळजवळ सगळे पैसे आधी गेलेले असतात. तुमच्याकडे शेवटचे ३० टक्के आहेत, आणि ते छपाईच्या अंतिम फाइलींना बांधलेले आहेत. ती फाइल तुम्ही मंजूर केल्याशिवाय अंतिम होत नाही. तुमचा दोर तो आहे, आणि तो पुरेसा मजबूत आहे.

मधला हप्ता अडवल्याने मात्र नुकसान तुमचंच. डिझायनरने २४ पानांची मांडणी आणि १४ आकृत्या केल्या, म्हणजे मेहनतीचा मोठा भाग होऊन गेलाय. त्याचे पैसे ठरल्या तारखेला आले नाहीत तर त्या हात आखडता घेतील, आणि तसा त्यांना अधिकारही असेल. पुढे अंतिम फाइलींसाठी ठरलेल्या २४ तारखेला फाइल आली नाही, तर "तुम्ही उशीर केलात" असं म्हणायला तुम्हाला तोंड राहणार नाही. करार आधी कुणी मोडला, या प्रश्नाचं उत्तर तुमच्या विरोधात जाईल. सध्या तुमची बाजू स्वच्छ आहे. ती तशीच राहू द्या.

एक व्यवहारातली गोष्ट. छोट्या कंपन्यांत हप्ता चुकतो तो बऱ्याचदा कुणी ठरवून अडवल्यामुळे नव्हे, तर बिल त्याच माणसाच्या टेबलावर पडून राहतं जो शेरे लिहीत बसलाय. "एकदा शेरे झाले की बिलाचं बघू" असं मनात येतं आणि तारीख निघून जाते. म्हणून बिल आल्या दिवशीच हिशेब पाहणाऱ्याकडे द्या, त्यावर "पहिला ड्राफ्ट मिळाला, १० तारखेला द्यावे" एवढंच लिहा आणि सही करा. शेऱ्यांचं काम वेगळ्या माणसाकडे, नाहीतर निदान वेगळ्या दिवशी. १० तारखेला बँकेला सुट्टी असेल तर आदल्या कामाच्या दिवशी.

आता १७ शेऱ्यांकडे वळू, खरं काम तिथे आहे. हे शेरे आहेत तसे पाठवू नका. चार माणसांनी चार सुरांत लिहिलेत. एकाला मुखपृष्ठावर लोगो मोठा हवाय, दुसरा म्हणतो मुखपृष्ठ भरगच्च झालंय. दोन्ही एकाच मेलमध्ये गेले तर डिझायनरने कुणाचं ऐकायचं? हा वाद तुमच्या घरातला आहे, तो घरातच मिटवून मग पाठवायचा. तुमच्या बाजूने बोलणारी व्यक्ती एकच असावी, आणि ती तुम्ही.

१७ पैकी तीन शेरे एकच गोष्ट पुन्हा सांगतात, ते काढले की १४ उरतात. प्रत्येक शेऱ्यासमोर मी एकच प्रश्न ठेवला: हे आपण आधी सांगितलं होतं का, आणि सांगितलं असेल तर कुठे? ब्रीफमध्ये, पाठवलेल्या मजकुरात की एखाद्या मेलमध्ये? तो शोधत गेलं की शेरे आपोआप वेगळे होतात.

सहा शेरे सरळ ब्रीफला किंवा तुम्ही दिलेल्या मजकुराला धरून आहेत. पान ७ वरच्या आकृतीत पाणी आत घेणारी झडप उलट्या दिशेला दाखवली आहे. तुम्ही दिलेल्या फोटोत ती बरोबर आहे. पान १८ वर सफाईची चौथी आणि पाचवी पायरी अदलाबदल झाली आहे. तुमच्या मजकुरात क्रम बरोबर आहे. अशा चुका डिझायनरने दुरुस्त करायच्या, त्यात चर्चेला जागा नाही आणि आवाज चढवायलाही कारण नाही.

दोन शेरे मात्र नीट बघा. पान १२ च्या तक्त्यात पाण्याचा दाब "३ पीएसआय" छापलाय, हवा होता "३ बार". फरक मोठा आहे; ३ बार म्हणजे साधारण ४३.५ पीएसआय. तुमच्या तंत्रज्ञांनी त्याच्यापुढे तीन उद्गारचिन्हं टाकलीत. पण तुम्ही डिझायनरला पाठवलेली मूळ फाइल उघडून पाहा. तिच्यातही "३ पीएसआय"च आहे. चूक तुमच्याकडून गेली, त्यांनी ती जशीच्या तशी उतरवली. छपाईच्या धंद्यात प्रुफावरच्या दुरुस्त्या याच कारणासाठी वेगळ्या मोजल्या जात: जुळाऱ्याची चूक वेगळी आणि लेखकाने नंतर केलेला बदल वेगळा, आणि दुसऱ्याचे पैसे वेगळे लागत. इथे एक आकडा बदलायचाय, त्याचे कुणी पैसे मागणार नाही. पण यादीत "ही चूक आमच्या मजकुरातली आहे" असं लिहा. त्याने बाकीच्या मुद्द्यांचं वजन वाढतं, कारण तुम्ही चुका कुणाच्या ते तपासून लिहिताय हे दिसतं.

दुसरा शेरा जास्त नाजूक आहे. ब्रीफमध्ये तुम्ही म्हटलंय की मजकुराचा अक्षर-आकार १० पॉइंटपेक्षा लहान नको, कारण वापरणाऱ्यांत वयस्कर लोक बरेच आहेत. ड्राफ्टमध्ये पान १४ ते १७ वर अक्षर ८.५ पॉइंट आहे. पाहिल्यावर वाटतं, सरळ सरळ ब्रीफ मोडलंय. पण त्या चार पानांसाठी तुम्ही दिलेला मजकूर मोजा. १० पॉइंटमध्ये तो चार पानांत मावत नाही, साधारण अर्धं पान जास्त लागतं. एकीकडे पानं २४ च हवीत, दुसरीकडे अक्षर १० पॉइंटच हवं, आणि मजकूर तर एवढा. तिन्ही अटी एकदम पाळता येत नाहीत. डिझायनरने त्यातली एक परस्पर वाकवली, आणि "मजकूर बसत नाही, काय करू?" असं विचारलं नाही, ही त्यांची चूक. पण उत्तर तुमच्याकडेच आहे: मजकूर अर्धं पान कापा. तो कापून नवा मजकूर शेऱ्यांसोबतच द्या. नुसतं "अक्षर १० पॉइंट करा" लिहिलंत तर पुढच्या ड्राफ्टमध्ये समास खाल्लेले किंवा ओळी एकमेकींना चिकटलेल्या दिसतील, आणि एक फेरी फुकट जाईल.

मग चार शेरे आवडीनिवडीचे. "पहिलं पान डल वाटतंय." "एकूण मजा नाही आली." "लोगो मोठा करा." "हिरवा रंग नको." आवडीनिवडीचे शेरे द्यायला हरकत नाही, दुरुस्तीच्या फेऱ्या त्यासाठीही असतात. पण त्यांच्या मागे काय दडलंय ते आधी ज्याचा शेरा आहे त्याला विचारा. तुम्ही विचारलंत आणि मला कळवलंत त्याप्रमाणे "डल" म्हणजे मुखपृष्ठावर यंत्राचा फोटो एवढा लहान आहे की कुठलं मॉडेल ते कळत नाही. हा चांगला मुद्दा आहे, आणि आता तो करता येण्याजोगा झाला. हिरव्या रंगाबद्दल कळलं की यंत्रावरचा "चालू" दिवा हिरवा आहे आणि पुस्तिकेत इशाऱ्याच्या चौकटीही हिरव्याच. वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. हाही पक्का मुद्दा. लोगोबद्दल भागीदारांकडे "मोठा बरा दिसतो" यापलीकडे काही नव्हतं आणि "मजा नाही आली"चं पुढे काहीच निघालं नाही. ते दोन्ही वगळा. डिझायनर मजा कुठे आणून देणार?

इथे एक सवय लावून घ्या. डिझाइनच्या मुद्द्यात अडचण सांगा, उपाय लादू नका. "चौकटीला नारिंगी रंग द्या, कोड अमुक" असं लिहिण्याऐवजी "इशाऱ्याची चौकट आणि चालू दिवा यांचा रंग वेगळा हवा, काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्येही चौकट ओळखू यावी" असं लिहा. रंग निवडायला तुम्ही त्यांना पैसे देताय. मजकूर, आकडे आणि तांत्रिक आकृत्या यांत मात्र उलट: तिथे नेमका अंतिम शब्द, नेमका आकडा लिहून द्यायचा, तर्काला वाव ठेवायचा नाही.

राहिलेले दोन शेरे विक्री पाहणाऱ्या सहकाऱ्याचे: वॉरंटीची दोन पानं घाला, आणि शेवटच्या पानावर व्हिडिओकडे नेणारा क्यूआर कोड टाका. दोन्ही कल्पना चांगल्या, पण ब्रीफमध्ये नव्हत्या. हे नवं काम आहे, दुरुस्ती नाही. शिवाय "दोन पानं" म्हणणं सोपं. मध्ये पिना मारलेली पुस्तिका चारच्या पटीतच वाढते, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात. म्हणजे २४ ची २६ होत नाही, २८ होते, छपाईचा खर्चही त्याप्रमाणे वाढतो. म्हणून हे दोन मुद्दे दुरुस्तीच्या यादीत मिसळू नका. स्वतंत्र विचारणा करा, त्याचा वेगळा दर, वेगळी तारीख, आणि महत्त्वाचं म्हणजे वेगळं बिल. नवं काम शेवटच्या ३० टक्क्यांच्या बिलात घुसलं की मूळ पुस्तिका पूर्ण होऊनही "वॉरंटीची पानं राहिलीत" म्हणून तो हप्ता लटकतो. वेळापत्रक बिघडतं ते असंच, कुणाच्या मनात खोट नसताना.

तर यादीत जायचे मुद्दे झाले दहा: सहा, दोन आणि दोन. प्रत्येकाला क्रमांक द्या आणि तो शेवटपर्यंत बदलू नका. पान कुठलं, आता काय आहे, काय हवं, आणि आधार कुठे, एवढं प्रत्येक मुद्द्यात असावं. मजकुरातल्या बारीक दुरुस्त्या पीडीएफवरच खूण करून दाखवल्या तरी चालतात, पण खूण आणि यादी यांत एकच क्रमांक वापरा. आवाजी संदेशावर एकही मुद्दा सांगू नका. सात मिनिटांचा आवाजी संदेश पुन्हा पुन्हा ऐकून त्यातले मुद्दे उतरवणं हे दुसऱ्याच्या माथी मारलेलं काम असतं, आणि त्यातला एखादा निसटणार हे नक्की.

मेल साधारण असा जाईल. नमुन्यादाखल दहापैकी पाच मुद्दे घेतलेत.

> विषय: वापर-पुस्तिका, पहिला ड्राफ्ट, दुरुस्तीची पहिली फेरी
>
> नमस्कार,
>
> ३ तारखेला आलेला ड्राफ्ट (`pustika_v1.pdf`) आम्ही सगळ्यांनी पाहिला. पाणी कसं फिरतं ते दाखवणाऱ्या पान ४-५ वरच्या आकृत्या आमच्या तंत्रज्ञांना एकदम पटल्या. त्यांना हात लावू नये. दुरुस्तीचे १० मुद्दे खाली आहेत. आमच्या बाजूने पहिल्या फेरीची यादी एवढीच, यात नंतर भर पडणार नाही.
>
> १. पान ७, आकृती ५: झडपेचा बाण बाहेरच्या दिशेला आहे, आतल्या दिशेला हवा. आधार: आम्ही दिलेला तिसरा फोटो.
>
> २. पान १८: सफाईच्या पायऱ्या ४ आणि ५ यांचा क्रम उलटा झालाय. आधी पाणी बंद, मग झाकण काढणं. आधार: मूळ मजकूर.
>
> ३. पान १२, तक्ता: "३ पीएसआय"च्या जागी "३ बार". ही चूक आमच्या मजकुरातली आहे.
>
> ४. पान १४ ते १७: अक्षर ८.५ पॉइंट आहे, ब्रीफप्रमाणे किमान १० हवं. मजकूर जास्त होता हे लक्षात आलं. अर्धं पान कमी केलेला मजकूर सोबत जोडला आहे. तरीही बसत नसेल तर अक्षर लहान न करता आम्हाला कळवा, आणखी कापू.
>
> ५. सगळी पानं: इशाऱ्याच्या चौकटी हिरव्या आहेत आणि यंत्राचा चालू दिवाही हिरवा. दोन्हींत गोंधळ होणार नाही असा रंग निवडावा. झेरॉक्समध्येही चौकट ओळखू यायला हवी. कुठला रंग, ते तुमच्यावर.
>
> दुसरी प्रत १४ तारखेपर्यंत मिळाली तर आमचे शेरे १७ तारखेला येतील आणि २४ ची अंतिम तारीख पाळता येईल. जमत नसेल तर उद्यापर्यंत सांगा.
>
> पहिल्या ड्राफ्टचा ४० टक्के हप्ता ठरल्याप्रमाणे १० तारखेला जमा होईल, बिल हिशेबाकडे दिलं आहे. हा हप्ता ड्राफ्ट मिळाल्याचा आहे. मंजुरी दुरुस्त प्रत पाहून वेगळी कळवू.
>
> याशिवाय वॉरंटीची पानं आणि क्यूआर कोड घालण्याचा विचार आहे. हे मूळ कामात नाही, त्यामुळे त्याचा वेगळा दर आणि लागणारे दिवस कळवावेत. वरचे १० मुद्दे त्यासाठी थांबवू नयेत.

पैशाच्या परिच्छेदातले शब्द मी मोजूनमापून ठेवलेत. "दुरुस्त्या वेळेत केल्यास हप्ता देण्यात येईल" असं कुणी सुचवेल, ते लिहू नका. कराराने बिनशर्त दिलेल्या हप्त्याला तुम्ही तिथे परस्पर अट जोडता. उलट "मंजुरी वेगळी कळवू" हे अर्धं वाक्य गाळूही नका. पैसे दिले म्हणजे काम पसंत होतं, असा अर्थ उद्या निघू नये म्हणून ते आहे. भागीदारांना हेच वाक्य दाखवा, त्यांची निम्मी काळजी त्यात आहे.

आकृत्यांचं कौतुकही निव्वळ गोड बोलणं म्हणून घातलेलं नाही. काय बदलू नये हे सांगितलं नाही तर दुसऱ्या प्रतीत चांगली गोष्टही बदलून येते. डिझायनरला वाटतं, यांना एकूणच पसंत नाही, आणि तो सगळंच उलटंपालटं करतो.

मेल गेल्यावर दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं फोनवर बोला. मुद्दा ४ आणि ५ वर त्यांना काही विचारायचं असेल. फोनवर जे ठरेल ते दोन ओळींत लिहून पाठवा, क्रमांकासकट.

१४ तारखेला दुसरी प्रत आली की नवी नजर लावून पहिल्या पानापासून वाचत बसू नका. आधी यादी समोर ठेवा आणि दहा मुद्दे एकेक करून तपासा. मग दुरुस्तीच्या आजूबाजूला पाहा, कारण नव्या चुका तिथे जन्मतात. पान १४ ते १७ वर अक्षर मोठं झालं आणि मजकूर कमी झाला की ओळी पुढे-मागे सरकतात. त्यासोबत अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे चुकू शकतात, "आकृती ९ पाहा" म्हटलंय तिथे समोरच्या पानावर आकृती नसते, तक्त्याचं शीर्षक एका पानावर आणि तक्ता पुढच्या पानावर जातो. दुरुस्ती करताना झालेल्या अशा चुका डिझायनरने काढायच्या, आणि त्यासाठी तुमची दुसरी फेरी खर्ची पडत नाही. पण १४ तारखेला तुम्हाला अचानक सुचलं की मुखपृष्ठावर फोटोऐवजी रेखाचित्र बरं दिसेल, तर तो नवा बदल आहे. तो करायचा तर दुसऱ्या फेरीत, आणि तारीख सरकली तर ती तुमच्या खात्यावर. शेरे द्यायला तुम्हाला तीन दिवस उशीर झाला तरीही हाच हिशेब. अंतिम तारीख तेवढीच पुढे जाते, हे त्यांनी सांगायच्या आधी तुम्ही सांगा. २४ आणि २६ यांच्यामध्ये फक्त दोन दिवस मोकळे आहेत.

करारात "मंजूर झाल्यावर" असा शब्द असता तर काय, हेही थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या कामात कुणीतरी तसा मसुदा समोर ठेवेल. तो शब्द चालतो, फक्त त्याला मुदत हवी: इतक्या दिवसांत लेखी शेरे आले नाहीत तर मंजूर समजावं. मुदत नसलेली मंजुरी म्हणजे मनात येईल तेव्हा पैसे. चांगला फ्रीलान्सर तसल्या करारावर सही करत नाही, आणि जो करतो तो दरात आधीच थोडी भर घालून ठेवतो.

राहिला शेवटचा प्रश्न: दुसरी प्रतही बिघडलेली आली तर? दहापैकी एक-दोन मुद्दे राहिले असतील तर काही नाही, तोच क्रमांक देऊन परत पाठवा. पण पाच-सहा मुद्दे तसेच असतील, किंवा "झालं" म्हणून कळवलेले मुद्दे प्रत्यक्षात झालेले नसतील, तर तिसऱ्या यादीच्या फंदात पडू नका. त्याच दिवशी फोन करा आणि सरळ विचारा की २४ तारखेपर्यंत हे जमतंय का. जमत नसेल तर काम तिथे थांबवण्याचा पर्याय तुमच्या कराराच्या सातव्या कलमात आहे: तोपर्यंतचे ७० टक्के त्यांचे, शेवटचे ३० लागू होत नाहीत, आणि मांडणीच्या चालू फाइली, नुसती पीडीएफ नव्हे, तुमच्या ताब्यात येतात. त्या फाइली आणि क्रमांक घातलेली यादी हातात असली की दुसरा डिझायनर पहिल्या पानापासून सुरू न करता उरलेल्या मुद्द्यांवर काम करू शकतो. हे कलम १४ तारखेच्या आधी एकदा भागीदारांसोबत बसून वाचून ठेवा, म्हणजे ऐनवेळी ४० टक्क्यांचा वाद पुन्हा उकरून निघणार नाही.